एकाच खरेदीचे पैसे क्रेडिट कार्डावर दोनदा लागले आणि बँकेने तक्रार फेटाळली. आता काय करावे?

गोदाकाठ (५ जुलै)

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांबला आहे, पण तपशील दिल्याशिवाय उत्तर देता येणार नाही म्हणून सगळे लिहितो.

१४ जून रोजी मी नाशिकमधील एका दुकानातून कपडे धुण्याचे यंत्र घेतले. किंमत ३८,४९० रुपये. गल्ल्यावरच्या मुलाने कार्ड मशीनमध्ये घातले, मी पिन टाकला आणि मशीन स्लिप छापू लागले. ती अर्ध्यावर आली असतानाच कागदाचे रीळ संपले. मुलाने नवे रीळ बसवले, तोवर मशीनच्या पडद्यावर पुन्हा सुरुवातीचे चित्र आले होते. "व्यवहार झाला नाही वाटतं, परत करू या," असे तो म्हणाला. मी पुन्हा पिन टाकला आणि या वेळी पूर्ण स्लिप आली. घरी पोहोचल्यावर पाहिले तर एसएमएस दोन होते, एक ६ वाजून ४२ मिनिटांचा आणि दुसरा ६ वाजून ४७ मिनिटांचा.

त्याच रात्री मी कस्टमर केअरला फोन करून तक्रार नोंदवली. २ जुलैला उत्तर आले की दोन्ही व्यवहार चिप आणि पिन वापरून झालेले असल्यामुळे ते ग्राहकानेच केलेले आहेत, सबब तक्रार बंद करण्यात येत आहे. दुकानदार म्हणतात की त्यांना एकाच यंत्राचे पैसे मिळाले. स्टेटमेंटवर मात्र दोन्ही रकमा आहेत आणि पैसे भरण्याची शेवटची तारीख १० जुलै आहे. माझ्याकडे पक्के बिल आहे, पूर्ण स्लिप आहे, आणि बिलाच्या पाकिटात ती अर्धवट स्लिपही सापडली.

सावध_ग्राहक (५ जुलै)

सर्वप्रथम कार्ड ब्लॉक करावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार तीन कामकाजी दिवसांच्या आत कळवले, तर ग्राहकावर कोणतीही जबाबदारी येत नाही. आपण तर त्याच रात्री कळवले आहे. बँक कायदा सरळ धाब्यावर बसवते आहे, तेव्हा थेट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

जुना_हिशेबनीस (५ जुलै)

सावध_ग्राहक यांनी सांगितलेले परिपत्रक खरे आहे, पण ते ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. गोदाकाठ यांनी दोन्ही वेळा स्वतः पिन टाकला आहे. त्यांनी याच परिपत्रकाचा आधार घेतला तर बँकेने दिलेले उत्तर बरोबर ठरते, आणि माझ्या मते गाडी नेमकी इथेच अडली आहे.

मी एका बँकेच्या कार्ड विभागात विवादित व्यवहारांचेच काम बरीच वर्षे केले. फोनवर तक्रार घेणारा कर्मचारी संगणकात एक कारण निवडतो. "माझ्या कार्डावर दोन व्यवहार दिसतात, त्यातला एक माझा नाही," असे ग्राहक बोलून गेला की तो "मी हा व्यवहार केलेला नाही" या कारणाखाली नोंद करून मोकळा होतो. पुढचा माणूस फक्त चिप आणि पिन झाले का एवढेच बघतो. ते झालेले असतात, म्हणून तक्रार बंद होते. यात कोणी लबाडी केलेली नसते. प्रश्नच चुकीचा विचारला गेलेला असतो.

तुमचे म्हणणे वेगळे आहे. "मी खरेदी एकदाच केली आणि तिचे पैसे दोनदा घेतले गेले," असे ते आहे. व्हिसाच्या नियमांत यासाठी १२.६.१ हे स्वतंत्र कारण आहे, आणि इतर कार्डांच्या नियमांतही असे कारण असतेच. या कारणाखाली पिनचा मुद्दा जवळजवळ गैरलागू होतो, कारण पिनमुळे तुम्ही तिथे उभे होतात एवढेच सिद्ध होते, तुम्ही दोन यंत्रे घेतलीत हे सिद्ध होत नाही. दुसरे यंत्र विकले असेल तर त्याचे बिल दाखवण्याची पाळी दुकानदारावर येते.

म्हणून जुन्या तक्रारीवर "पुनर्विचार करावा" असे लिहीत बसू नका. एकाच खरेदीची दुहेरी आकारणी या कारणाखाली नवा, लेखी डिस्प्यूट द्या, आणि पहिली नोंद फोनवर चुकीच्या कारणाखाली झाली होती असे त्यात एका वाक्यात स्पष्ट करा. व्हिसाच्या नियमांत यासाठी व्यवहाराची नोंद झाल्यापासून १२० दिवस मिळतात, पण ही मुदत बँकेने चार्जबॅक, म्हणजे दुकानदाराच्या बँकेकडून रक्कम परत मागण्याचा दावा, पाठवण्याची आहे. ग्राहकाने कधीपर्यंत कळवावे याची मुदत बँका आपल्या अटींत बरीच कमी ठेवतात. तेव्हा ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे असे समजून निवांत बसू नये. कार्ड ब्लॉक करण्याचे तर काहीच कारण नाही.

मीनल_न्यूजर्सी (६ जुलै)

गोदाकाठ, माझ्या बाबतीत इथे अगदी असेच घडले होते. एका हॉटेलने खोलीचे भाडे दोनदा लावले. मी बँकेला पत्र पाठवले आणि वादातली रक्कम वगळून बाकीचे बिल भरले. स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी कळवले की तपास पूर्ण होईपर्यंत ती रक्कम भरावी लागत नाही आणि बँक तुम्हाला थकबाकीदारही ठरवू शकत नाही. तुम्हीही १० तारखेला एकाच यंत्राचे पैसे भरा.

जुना_हिशेबनीस (६ जुलै)

मीनलताईंनी सांगितले ते अमेरिकेपुरते बरोबर आहे. तिथे १९७४ च्या कायद्याने ग्राहकाला तो हक्क दिलेला आहे. आपल्याकडे तो तसा नाही. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांत, वाद मिटेपर्यंत शुल्क लावू नये असे म्हटले आहे खरे, पण ते फसवणूक म्हणून नोंदवलेल्या व्यवहारांबद्दल आहे. दुहेरी आकारणी त्यात आपोआप बसत नाही. काही बँका विनंती केल्यावर वादातली रक्कम बाजूला ठेवतात, काही ठेवत नाहीत.

तुम्ही ३८,४९० रुपये कमी भरले आणि बँकेने ती रक्कम बाजूला ठेवली नसली, तर बिनव्याजी मुदतीचा लाभ जातो, व्याज सुरू होते आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणून ८ तारखेपर्यंत बँकेकडून लेखी उत्तर मिळाले तर ठीक, नाहीतर पूर्ण बिल भरून टाका. पैसे भरले म्हणजे आकारणी मान्य केली असे होत नाही. फक्त भरण्याआधी डिस्प्यूटचा अर्ज गेलेला असू द्या.

गोदाकाठ (६ जुलै)

मनापासून आभार. फोनवर मी नेमके तेच वाक्य बोललो होतो, "त्यातला एक माझा नाही." आता हसावे की रडावे कळत नाही.

दोन शंका आहेत. बँकेच्या फॉर्मवर "पुराव्याची कागदपत्रे जोडा" एवढेच छापले आहे, तर काय काय जोडू? आणि दुकानदार एकच रक्कम मिळाली असे ठामपणे म्हणतात, ते मला खोटे बोलणारे वाटत नाहीत. मग दुसरी रक्कम गेली कुठे?

सांगलीकर_दुकानदार (६ जुलै)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण गल्ल्याच्या या बाजूला मीच बसतो.

आमच्या खात्यात कार्डाचे पैसे गिऱ्हाईकागणिक येत नाहीत. दिवसभराच्या सगळ्या व्यवहारांची एक बॅच होते, रात्री तिचे सेटलमेंट होते आणि दुसऱ्या दिवशी बँकेचे शुल्क कापून एकच ठोक रक्कम जमा होते. शनिवारी संध्याकाळी पाच-सहा लाखांचा धंदा झाला असेल तर त्यात ३८,४९० रुपये जास्तीचे आले आहेत हे नुसते पासबुक पाहून कोणाच्याही ध्यानात येत नाही. माझ्याकडे मुलगा तारेला खोवलेल्या स्लिपांची बेरीज करतो आणि ती जमा रकमेशी ताडून पाहतो. तुमच्या दुकानदाराकडे पहिल्या व्यवहाराची स्लिप नव्हतीच, त्यामुळे त्यांच्या बेरजेत तो एकदाच येणार. ताळमेळ लागला नसेल तर "बँकेने काहीतरी केले असेल" म्हणून सोडून दिले असेल. आम्हीही कधीकधी सोडतो, हे मान्य करतो.

त्यांना पासबुक दाखवायला सांगू नका. १४ जूनच्या बॅचचा तपशीलवार अहवाल ज्या बँकेचे मशीन आहे तिच्याकडून मागवायला सांगा. त्यात प्रत्येक व्यवहार स्वतंत्र ओळीत असतो: वेळ, कार्डाचे शेवटचे चार आकडे, मंजुरी क्रमांक, रक्कम.

खरे तर त्या मुलाने कागद घातल्यावर मशीनमधून शेवटची स्लिप पुन्हा छापून बघायला हवी होती. प्रत्येक मशीनमध्ये ती सोय असते. आणि चूक त्याच संध्याकाळी लक्षात आली असती तर बॅच सेटल होण्यापूर्वी एक व्यवहार जागच्या जागी व्हॉइड, म्हणजे रद्द, करता आला असता. सेटलमेंट झाले की ते दार बंद होते, मग रिफंडच द्यावा लागतो, आणि बऱ्याच मशीनवर रिफंडची सोय चालू नसल्यामुळे बँकेला अर्ज पाठवावा लागतो.

जुना_हिशेबनीस (७ जुलै)

सांगलीकरांनी माझे अर्धे काम केले. आता पुराव्याबद्दल.

डिस्प्यूट वाचणाऱ्या माणसाकडे तुमच्या प्रकरणासाठी मोजकी मिनिटे असतात. त्याला दोनच गोष्टी पटवायच्या आहेत: वस्तू एक होती, आणि आकारण्या दोन झाल्या. बाकी सगळे पसाऱ्यात जमा.

वस्तू एकच होती याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे पक्के बिल, कारण त्यावर नग १ आणि यंत्राचा अनुक्रमांक असतो. घरपोच पावतीवर तोच अनुक्रमांक असेल तर तीही जोडा. "मला दोन यंत्रांची गरजच काय?" असला युक्तिवाद पत्रात करू नये, लोक दोन यंत्रे घेतातही.

आकारण्या दोन झाल्या याचा पुरावा स्टेटमेंटमध्ये आहे. त्या पानावर दोन्ही ओळींना खूण करा. त्यापुढे बँकेकडून दोन्ही व्यवहारांचा एआरएन मागून घ्या. हा २३ अंकी क्रमांक व्यवहार सेटल झाल्यावर त्याच्यासोबत येतो, आणि दुकानदाराच्या बँकेला त्यावरून तो नेमका शोधता येतो. दोन वेगळे एआरएन हाती आले की व्यवहार खरोखर दोनदा सेटल झाला हे ठरते. असे पुष्कळ लोक येतात ज्यांना एसएमएस दोन आलेले असतात, पण एक नुसतीच मंजुरी असते. ती काही दिवसांनी आपोआप सुटते आणि स्टेटमेंटवर कधी येतच नाही. तिथे चार्जबॅक करण्यासारखे काही नसते. तुमच्या स्टेटमेंटवर दोन्ही आल्या आहेत, त्यामुळे तुमचे प्रकरण तसे नाही.

दुसरे असे की डिस्प्यूट एकाच व्यवहारावर घाला. चिडून दोन्हींवर घातला तर तुम्ही न चुकवलेले यंत्र घरात ठेवून बसला आहात असे चित्र उभे राहते. पूर्ण स्लिपवरचा मंजुरी क्रमांक आणि टर्मिनलचा क्रमांक पाहून एक व्यवहार मान्य करा आणि दुसरा नाकारा. पत्राचा मजकूर साधारण असा ठेवावा, बँकेला इंग्रजीतून पाठवावा लागला तरी क्रम हाच असावा:

"१४ जून रोजी मी सोबतच्या बिलाप्रमाणे एक यंत्र रु. ३८,४९० ला खरेदी केले. त्याच टर्मिनलवरून पाच मिनिटांच्या अंतराने तीच रक्कम दोनदा आकारली गेली. पूर्ण स्लिप असलेला व्यवहार मला मान्य आहे. उरलेला व्यवहार त्याच खरेदीची पुनरावृत्ती असून त्यापोटी मला कोणतीही वस्तू अथवा सेवा मिळालेली नाही. दोन्ही वेळी पिन मीच टाकला. पहिल्या वेळी स्लिप अपूर्ण छापली गेल्यामुळे व्यवहार झाला नाही असे दुकानातून सांगण्यात आले. ही फसवणुकीची तक्रार नाही. १४ जूनची तक्रार फोनवर चुकीच्या कारणाखाली नोंदली गेली होती."

पिन आपणच टाकला हे आधीच कबूल करून टाकावे, म्हणजे समोरच्याच्या हातातले एकमेव हत्यार निकामी होते.

ठाण्याची_अपर्णा (७ जुलै)

माझेही असेच झाले आहे. किराणा दुकानात कार्ड चालेना म्हणून मी यूपीआयने २,१६० रुपये दिले आणि नंतर कार्डावरही तेवढीच रक्कम लागली. बँकेने उशीर केल्यास दर दिवशी १०० रुपये भरपाई मिळते ना? आता २६ दिवस झाले, म्हणजे २,६०० रुपये मागू का?

जुना_हिशेबनीस (७ जुलै)

अपर्णाताई, तुमचे प्रकरण जवळचे असले तरी कप्पा वेगळा आहे: दुसऱ्या मार्गाने पैसे चुकते केले, व्हिसाच्या भाषेत १२.६.२. तुम्हाला यूपीआयची पावती आणि तिच्यावरचा १२ अंकी क्रमांक जोडावा लागेल, आणि ते पैसे त्याच दुकानाच्या खात्यात गेले हे दिसायला हवे. मालकाच्या भावाच्या खासगी नंबरवर पाठवले असतील तर अडचण आहे.

१०० रुपयांचा नियम २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकातला आहे आणि तो फसलेल्या व्यवहारांचा आहे: कार्डावरून पैसे गेले, पण दुकानात खात्री पोहोचली नाही, म्हणजे चार्ज स्लिप निघाली नाही, तर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये. पहिले पाच दिवस यात धरायचेच नसतात. आणि तुमच्या दुकानात कार्डाची स्लिप निघाली होती का, हे आधी तपासा.

सावध_ग्राहक (८ जुलै)

माझी गल्लत झाली होती, मान्य. पण आता मलाच एक मुद्दा सुचतो. गोदाकाठ यांची पहिली स्लिप अर्धवटच निघाली. मग "स्लिप निघाली नाही" असे म्हणता येणार नाही का? तसे असेल तर १९ जूननंतर रोज १०० रुपये त्यांनाही मिळायला हवेत.

गोदाकाठ (८ जुलै)

अर्धवट स्लिप आत्ता समोर घेऊन बसलो आहे. तिच्यावर दुकानाचे नाव, तारीख, वेळ ६.४२, टर्मिनल क्रमांक, बॅच क्रमांक आणि ०००११७ हा पावती क्रमांक आहे. त्याखाली कार्डाचे शेवटचे आकडे अर्धे उमटले आहेत आणि कागद संपला आहे. मंजुरी क्रमांकाची ओळ आलेलीच नाही. पूर्ण स्लिपवर ०००११८ हा क्रमांक आहे.

जुना_हिशेबनीस (८ जुलै)

११७ आणि ११८! हा सोन्यासारखा पुरावा आहे. एकाच मशीनवर लागोपाठचे दोन क्रमांक, म्हणजे मध्ये दुसरे गिऱ्हाईक झालेले नाही. त्या अर्धवट स्लिपचा आजच स्वच्छ उजेडात फोटो काढा. हा उष्णतेवर छापणारा कागद असतो, पाकिटात राहिला तर काही महिन्यांत अक्षरे उडतात. प्लास्टिकच्या पाकिटात घालून उन्हात किंवा गाडीत ठेवू नका.

१०० रुपयांबद्दल माझे मत असे: मशीनला मंजुरी मिळाल्यानंतरच ते विक्रीची स्लिप छापू लागते, म्हणजे दुकानात खात्री पोहोचली होती आणि फक्त कागद कमी पडला. त्यामुळे हा फसलेला व्यवहार ठरत नाही.

सांगलीकर_दुकानदार (८ जुलै)

साहेब, इथे मी थोडा असहमत आहे. परिपत्रकात स्लिप निघाली की नाही एवढेच विचारले आहे. ज्या कागदावर मंजुरी क्रमांक नाही त्याला मी दुकानात स्लिप म्हणत नाही. तशा कागदावर मी गिऱ्हाइकाला माल देणार नाही.

जुना_हिशेबनीस (८ जुलै)

मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, पण मूळ डिस्प्यूटमध्ये तो घालू नये. एकाच पत्रात "व्यवहार दोनदा यशस्वी झाला" आणि "पहिला व्यवहार फसला" असे दोन्ही म्हटले तर वाचणाऱ्याला तक्रार बंद करायला निमित्त मिळते. आधी मूळ रक्कम परत आणा.

गोदाकाठ (१२ जुलै)

सात तारखेला पत्र ईमेलने पाठवले, पोच क्रमांक मिळाला, आणि आठला अर्धवट स्लिपचा फोटो त्याच क्रमांकावर पाठवला. रक्कम बाजूला ठेवण्याबद्दल बँकेने काहीच कळवले नाही, म्हणून नऊ तारखेला पूर्ण बिल भरले. एआरएन द्यायला शाखेने आधी टाळाटाळ केली. लेखी मागितल्यावर दुसऱ्या दिवशी दोन्ही क्रमांक आले, आणि ते वेगवेगळे आहेत.

दुकानदारांनी बॅचचा अहवाल मागवला. त्यात ११७ आणि ११८ या दोन्ही ओळी आहेत. ते ओशाळले आणि म्हणाले, "मी आजच रिफंडचा अर्ज टाकतो." आता डिस्प्यूट मागे घेऊ का?

जुना_हिशेबनीस (१२ जुलै)

मागे घेऊ नका. रिफंडचा अर्ज "टाकतो" आणि रिफंड "आला" यांत बरेच अंतर असते, आणि मागे घेतलेला डिस्प्यूट पुन्हा उघडायला बँक सहसा तयार होत नाही. उलट त्यांना विनंती करा की रिफंड देऊ नये. चार्जबॅक आल्यावर तो न लढवता मान्य करावा आणि बॅच अहवालाची सही-शिक्क्याची प्रत तुम्हाला द्यावी. दोन्ही मार्गांनी पैसे आले तर एक रक्कम परत वळती होते, आणि ती कधी वळती होईल ते तुमच्या हातात नसते.

सांगलीकर_दुकानदार (१२ जुलै)

दुकानदाराच्या बाजूने सांगतो. चार्जबॅक आला की काही बँका आमच्याकडून वेगळे शुल्क घेतात, आणि वरचेवर आले तर मशीन काढून नेण्याची भीती असते. त्यामुळे ते रिफंडच देऊ म्हणतील. भला माणूस असेल तर त्याला आठवडाभर द्यावा, असे मला वाटते. रिफंडचा संदर्भ क्रमांक मात्र मागून घ्या.

गोदाकाठ (२६ जुलै)

दुकानदारांनी अहवालाची प्रत दिली. रिफंडचा अर्ज त्यांच्या बँकेने "या व्यवहारावर विवाद चालू आहे" म्हणून परत पाठवला, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटला. २४ तारखेला माझ्या कार्डावर ३८,४९० रुपये "तात्पुरती जमा" म्हणून आले. जादा आकारणीवर मिळालेले रिवॉर्ड पॉइंट त्याच दिवशी कापले गेले. त्या बाबतीत बँकेची तत्परता वाखाणण्यासारखी आहे.

जुना_हिशेबनीस (२६ जुलै)

अभिनंदन, पण ती रक्कम अजून तुमची झालेली नाही. दुकानदाराच्या बँकेला उत्तर द्यायला व्हिसाच्या नियमांत ३० दिवस असतात. त्यांच्याकडून नजरचुकीने दोन स्लिपांच्या प्रती पाठवल्या गेल्या तर तुमची बँक तुमचे म्हणणे पुन्हा विचारेल, आणि त्यासाठी फार थोडे दिवस देईल. ईमेल रोज बघत जा, आणि लागोपाठच्या दोन क्रमांकांचा मुद्दा तयार ठेवा. त्यापुढची लवादाची पायरी गाठायला काही शे डॉलरचे शुल्क पडते, त्यामुळे एवढ्या रकमेसाठी दोन्ही बँका तिथवर जाणे टाळतात.

तात्पुरती जमा काढून घेतली गेली आणि कारण कागदपत्रांसह मिळाले नाही, तर मात्र रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांचा आधार घ्या. ग्राहकाने बिलावर हरकत घेतल्यास ३० दिवसांत कागदोपत्री पुराव्यासह स्पष्टीकरण द्यावे असे त्यांत आहे. त्यानंतरच cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जावे. बँकेने तक्रार फेटाळलेली नसेल, तर तिला ३० दिवस दिल्याशिवाय तिथे तक्रार टिकत नाही.

ठाण्याची_अपर्णा (२७ जुलै)

माझ्या किराणावाल्याने पैसे खरोखरच भावाच्या नंबरवर घेतले होते. दुकानाच्या पावतीवर "यूपीआयने मिळाले" असे लिहून त्याने सही केली तर बँक ते मानेल का?

जुना_हिशेबनीस (२७ जुलै)

तारीख, रक्कम, यूपीआयचा १२ अंकी क्रमांक आणि दुकानाचा शिक्का असेल तर पाठवून पाहा. मी असताना अशी दोन प्रकरणे मंजूर झालेली पाहिली आहेत आणि एक फेटाळलेलेही.

गोदाकाठ (३० ऑगस्ट)

आजच्या स्टेटमेंटमध्ये "तात्पुरती" हा शब्द गेला आहे. १०० रुपये रोजाच्या मुद्द्यावर बँकेला स्वतंत्र पत्र पाठवले आहे, अर्धवट स्लिपचा फोटो जोडून. उत्तर आले की इथेच लिहीन.